अडीच मिलिमीटरची गिटार

आमचे दाजी सत्तेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला लागले. भाच्याची हॉस्टेलवरून परत आलेली गिटार माळ्यावर पडून होती, ती त्यांनी पुसून घेतली. पहिले दोन महिने बरे गेले. मग त्यांची गाठ पडली ‘एफ’ कॉर्डशी. या कॉर्डला तर्जनी आडवी धरून पहिल्या घरात सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. दाजी रोज अर्धा तास दाबत होते, तारा रोज ठक ठक करत होत्या आणि तर्जनीवर सहा रेघा उमटत होत्या. शेवटी त्यांनी गिटार पुन्हा माळ्यावर ठेवली. “या वयात बोटं वळत नाहीत रे,” असं म्हणाले.

मी ती गिटार खाली काढली आणि सहा इंची स्टीलची पट्टी बाराव्या पडद्यावर उभी धरली. दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांना इंग्रजीत फ्रेट म्हणतात, आपले सतारवाले पडदे म्हणतात. बाराव्या पडद्याचा माथा आणि सर्वांत जाड तारेचा तळ यांत अंतर निघालं 4.2 मिलिमीटर. चांगल्या स्थितीतल्या स्टीलच्या तारांच्या गिटारीत ते अडीचच्या आसपास असतं. म्हणजे दाजींच्या बोटांना प्रत्येक सुरासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त खाली जावं लागत होतं, आणि वीस वर्षांचा सराव असलेल्या वादकालाही त्या गिटारीवर एफ धरायला जास्त जोर लावावा लागला असता.

तारांच्या या उंचीला वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. पहिलं वाद्य घेताना लाकूड कुठलं, कंपनी कुठली, रंग कसा हे सगळे विचारतात. ॲक्शन किती, हे क्वचितच कुणी विचारतं. मोठ्या वयात शिकणाऱ्याचं वाद्य माळ्यावर जाणार की हातात राहणार, हे मात्र बरंचसं याच आकड्यावर ठरतं. पुढच्या रविवारी दाजी, ताई आणि मी धोबी तलावला गेलो, तेव्हा खिशात तीन गोष्टी होत्या: ती पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि फोनवर ट्यूनरचं ॲप.

गिटार की युकुलेले?

निघण्याआधी एक गोष्ट घरीच ठरवावी लागते: वाद्य कशासाठी हवं आहे? दाजींना जुनी हिंदी गाणी स्वतःच्या साथीनं म्हणायची होती. त्यांचा आवाज खर्जातला. ताईला पोळ्या झाल्यावर ओट्यापाशी बसून दोन गाणी वाजवता आली तरी पुरणार होतं. या दोन गरजांना एकच वाद्य पुरत नाही.

युकुलेलेला चार तारा असतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर वरून खाली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. गंमत अशी की सर्वांत वरची तार सर्वांत खर्जाची नसते. खर्जाची तार दुसरी, आणि तिचा सूर मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपाशीच थांबतो. गिटारीची जाड तार त्याच्याही दीड सप्तकाहून जास्त खाली जाते. म्हणून पुरुषी आवाजाच्या खाली युकुलेलेचा आधार लागत नाही, ती आवाजाच्या वर किणकिणत राहते. ताईच्या आवाजाला ते शोभतं. दाजींना गिटारच हवी होती.

हातांचाही विचार करावा लागतो. गिटारीच्या सुरुवातीच्या एका घराची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. सर्वांत लहान, म्हणजे सोप्रानो युकुलेलेत ती दोन सेंटिमीटरही भरत नाही. त्या घरात मोठ्या माणसाच्या तीन बोटांना शेजारीशेजारी बसणं म्हणजे एस.टी.च्या दोनच्या सीटवर तिघांनी बसणं. म्हणून मोठ्यांनी एक माप वर जावं. कॉन्सर्ट युकुलेलेची तार साधारण 38 सेंटिमीटर लांब असते, टेनॉरची 43. जाड बोटांना टेनॉर बरी. बॅरिटोन त्याहून मोठी, पण तिच्या तारा निराळ्या सुरांत लावतात, त्यामुळे इतर युकुलेलेंसाठी छापलेल्या कॉर्ड तिला लागू होत नाहीत.

युकुलेलेचा मोठा गुण म्हणजे तिचा हलका ताण. चारही तारा मिळून पंधरा-वीस किलोचा. ‘सी’ कॉर्ड एका बोटानं वाजते, ‘ए मायनर’ही एका बोटानं, ‘एफ’ दोन बोटांनी. दाजींना ज्या एफनं रडवलं, तो ताईनं दुकानात दहाव्या मिनिटाला वाजवला. मूळचं हे वाद्य पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचं. 1879 मध्ये तिथले मजूर ऊसमळ्यांत काम करायला हवाई बेटांवर गेले, त्यांच्याबरोबर काही सुतारही होते. त्यांनी आपलं छोटं तंतुवाद्य तिथल्या कोआ लाकडात घडवायला सुरुवात केली. थकल्या हातांचं, घराच्या ओसरीवरचं वाद्य म्हणूनच ते वाढलं.

गिटारीत पुन्हा दोन वाटा आहेत. एक स्टीलच्या तारांची, जिला दुकानदार ‘अकूस्टिक’ म्हणतात. दुसरी नायलॉनच्या तारांची, ‘क्लासिकल’. स्टीलच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या घरात असतो, नायलॉनचा चाळीसच्या. स्टीलची पहिली तार 0.3 मिलिमीटरची, नायलॉनची 0.7 मिलिमीटरची. बारीक तार जास्त ताणात असली की सुरीसारखी रुतते. बोटांना नायलॉन नक्कीच सुसह्य. पण क्लासिकल गिटारीची दांडी सुरुवातीला 52 मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची 43. लहान तळव्याला ही रुंदी जड जाते. शिवाय नायलॉनचा आवाज मऊ, गोल असतो. सिनेगीतांच्या साथीत आपल्याला ऐकू येणारी खळखळ त्यात येत नाही. दाजींनी दोन्ही वाजवून पाहिल्या आणि खळखळ निवडली. बोटं दुखतील हे माहीत असून निवडली, हे महत्त्वाचं.

एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. नायलॉनच्या गिटारीला हौसेनं स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. तिची घडण त्या ताणासाठी नसते. काही आठवड्यांत ब्रिज उखडतो किंवा दांडी वाकते.

पट्टी, कार्ड आणि ट्यूनर

दुकानात गेल्यावर आधी वाद्य सुरात लावून मागायचं. तारा ढिल्या असतील तर कुठलंही माप खोटं निघतं.

पहिली तपासणी दांडीच्या डोक्याकडची. तिथे एक पांढरी किंवा काळी पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. हिला नट म्हणतात. खाचा पुरेशा खोल नसतील तर पहिल्या दोन-तीन घरांत तारा उंच राहतात, आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य याच घरांत जातं. तपासायची पद्धत सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यामध्ये दाबून धरायची आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट दिसते ते पाहायचं. फट केसाएवढी हवी. तिथे बोटानं टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू यावी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर नट उंच आहे. फट अजिबात नसेल, तर मोकळी तार झणझणण्याची भीती.

नट उंच असल्याचा आणखी एक तोटा आहे. तो आधी कानाला कळतो, डोळ्याला नंतर. उंच तार खाली दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. तार जितकी आखूड, तितका हा परिणाम मोठा, म्हणून युकुलेलेत तो सर्वांत जास्त जाणवतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक आणि कॉर्ड मात्र बेसूर, अशी तक्रार घेऊन लोक येतात. कारण बहुधा हेच असतं. ट्यूनर दोन शेजारच्या सुरांतल्या अंतराचे शंभर भाग करून दाखवतो. प्रत्येक तार पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या घरात हलक्या हातानं दाबून पाहावी. काटा पाच-सात भाग हलला तर चालतं, पंधरा-वीस भाग चढला तर ते वाद्य तसंच घेऊ नये.

दुसरी तपासणी दांडीची. तार पहिल्या पडद्यावर आणि जिथे दांडी पेटीला मिळते त्या चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची. आता तार म्हणजे एक सरळ फूटपट्टी झाली. मधल्या सहाव्या-सातव्या पडद्याजवळ व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असेल तर दांडी ठीक. कार्डावर कार्ड ठेवून तीन मावत असतील तर दांडी धनुष्यासारखी वाकली आहे. स्टीलच्या गिटारीच्या दांडीत लोखंडी सळई असते. तिचा नट किल्लीनं फिरवून हा बाक कमी करता येतो, एका वेळी पाव आट्याहून जास्त फिरवायचा नाही. क्लासिकल आणि युकुलेलेत बहुधा ही सळई नसतेच. त्यामुळे तिथे वाकलेली दांडी दिसली की वाद्य परत ठेवायचं.

तिसरी तपासणी बाराव्या पडद्यावरची, जी मी दाजींच्या गिटारीवर केली होती. स्टीलच्या गिटारीला जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर. क्लासिकलला अनुक्रमे चार आणि तीनपर्यंत, कारण नायलॉनची तार मोठ्या झोक्यानं हलते. युकुलेलेला अडीच ते तीन. हे आकडे म्हणजे काही शास्त्रवचन नव्हे. जोरात वाजवणाऱ्याला थोडी उंच तार लागते. पण नवशिक्यानं याच्या फार वर जाऊ नये.

चौथी तपासणी पाच मिनिटांची आणि कंटाळवाणी आहे. प्रत्येक तार पहिल्या ते बाराव्या घरात एकेकदा वाजवायची. गिटारीवर हे बहात्तर सूर होतात. एखाद्याच घरात झणझण आली तर बहुधा पुढचा पडदा वर आला आहे. मग तळहात दांडीच्या कडेवरून वरखाली फिरवायचा. पडद्यांची टोकं करवतीसारखी लागत असतील तर लाकूड वाळून आखडलं आहे किंवा कारखान्यात घासणीचं काम उरकलं आहे. शेवटी एक साधा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहायचा. तो आत शिरला तर गोंद सुटायला लागलाय. त्या वाद्याशी मग किमतीवरून घासाघीसही करू नये.

दोन गिटारी, एकच आकडा

दाजींना दोन गिटारी आवडल्या. एकीचा रंग मधासारखा, पेटीला कापलेली खोबणी, आत मायक्रोफोन. दुसरी साधी, फिकट पिवळी. दोन्ही ओळखीच्या कंपन्यांच्या, किमतीत दोन-अडीच हजारांचा फरक. दोन्हींच्या दांड्या सरळ होत्या. बाराव्या पडद्यावर पहिलीचं माप आलं 3.3, दुसरीचं 3.4. दोन्ही उंच. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता घरी जायचं का? मी त्यांना ब्रिजवरची पांढरी पट्टी दाखवली.

तिला सॅडल म्हणतात. तारा तिच्यावरून जातात आणि ॲक्शन कमी करायची तर ती तळातून घासतात. इथे एक छोटं गणित आहे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर टोकाला, सॅडलपाशी, दोन मिलिमीटर उतरवावे लागतात. साध्या गिटारीत 3.4 वरून 2.5 वर यायचं म्हणजे 0.9 कमी, म्हणून सॅडल जाड तारेच्या बाजूला 1.8 मिलिमीटर घासायचं. बारीक तारेकडे माप 2.6 होतं, ते 2 वर आणायला 1.2 मिलिमीटर. तिचं सॅडल ब्रिजच्या वर साडेचार मिलिमीटर दिसत होतं. घासल्यावर पावणेतीन उरणार. तारेला सॅडलवरून नीट वळण मिळायला तेवढं पुरतं.

मधाच्या रंगाच्या गिटारीचं सॅडल मुळात दीडच मिलिमीटर वर होतं. कुणीतरी आधीच घासून खाली आणलं होतं आणि तरीही ॲक्शन 3.3. म्हणजे दोष सॅडलमध्ये नव्हता, दांडी पेटीला ज्या कोनात बसवली त्या कोनात होता. तो सुधारायचा तर दांडी काढून पुन्हा बसवावी लागते, आणि त्या कामाचा खर्च या किमतीच्या गिटारीला परवडत नाही. बाहेरून दोन्ही गिटारी एकाच आजारानं आजारी दिसत होत्या. एकीवर अर्ध्या तासात इलाज होता, दुसरीवर नव्हता.

दुकानातल्या कारागिरानं सॅडल घासलं, नटच्या दोन खाचा कानशीनं किंचित खोल केल्या. या कामाला ‘सेटअप’ म्हणतात. काही दुकानं नव्या वाद्यावर फुकट करून देतात, नाहीतर काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत घेतात. दाजींनी तिथेच स्टुलावर बसून एफ धरला. सहापैकी पाच तारा वाजल्या. सहावी सरावानं वाजेल.

लाकूड: भारी नेहमीच बरं नव्हे

किमतीच्या पाटीवर ‘सॉलिड टॉप’ असे शब्द दिसले की किंमत वाढते. पेटीचं वरचं झाकण एकाच फळीचं असेल तर ते सॉलिड, पातळ थर चिकटवून केलेलं असेल तर लॅमिनेट, म्हणजे प्लायवुडचीच जात. एकसंध फळी मोकळेपणानं थरथरते, आवाज भरदार येतो आणि वर्षानुवर्षं वाजवून आणखी खुलतो. ओळखायची खूण आवाजाच्या गोल भोकाच्या कडेला आहे. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर फळी एकसंध. कडेला थर दिसले किंवा जाड रंगानं कड झाकली असेल तर लॅमिनेट समजावं.

पण एकसंध फळी हवेतली ओल पिते. गिटारीला चाळीस ते साठ टक्के आर्द्रता मानवते, मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते. फळी फुगून ब्रिजमागे पोट येतं, ब्रिज वर उचलला जातो आणि मार्चमध्ये अडीचवर असलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये तीनच्या पुढे जाते. नागपूर-औरंगाबादकडच्या उन्हाळ्यात उलटा प्रकार: फळी आकसते, कधी चिरतेही. लॅमिनेट आवाजात थोडं कमी, पण या हवेत जास्त निगरगट्ट. पहिली दोन वर्षं वाद्य सोफ्यावर, खिडकीखाली, खाटेखाली कुठेही पडणार असेल, तर नीट ॲक्शन असलेली लॅमिनेट गिटार ही वाईट ॲक्शनच्या सॉलिड गिटारीपेक्षा दहा पटींनी बरी. कुठलीही असो, पावसाळ्यात बंद पिशवीत सिलिका जेलची पाकिटं टाकावीत आणि उन्हात उभ्या गाडीत ती कधीही ठेवू नये. गाडीतल्या उष्णतेनं गोंद मऊ होतो.

आकारही पाहावा. दुकानात सर्वांत जास्त दिसतो तो रुंद ‘ड्रेडनॉट’. थोडं पोट असलेल्या माणसाला तो कवेत घेताना उजवा खांदा वर चढतो आणि अर्ध्या तासात मान भरून येते. त्याहून लहान, कमरेत आवळलेल्या आकाराची गिटार मांडीवर स्थिर बसते. दाजींनी बसून पाहिलं आणि लहानच घेतली.

कुणाची घ्यावी?

कंपनीचं नाव म्हणजे चांगल्या आवाजाची हमी नव्हे. ते सांगतं एवढंच, की याच मॉडेलची दहा वाद्यं उचलली तर दहाही साधारण सारखी निघतील. स्वस्त वाद्यांत नेमकं हेच नसतं. एक तुकडा सुरेख, शेजारचा बेसूर.

या कसोटीवर भारतात सहज मिळणाऱ्या गिटारींत यामाहाचं नाव सर्वांत आधी येतं. तिची एफ 310 ही लॅमिनेट झाकणाची गिटार वर्षानुवर्षं नवशिक्यांची ठरलेली निवड आहे. तिच्या तारेची लांबी 634 मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या 650 पेक्षा थोडी कमी, त्यामुळे घरं जवळ आणि ताण किंचित हलका. नायलॉनमध्ये याच कंपनीची सी 40. सॉलिड झाकण हवं तर एफजी 800 किंवा लहान आकाराची एफएस 800. कोरियाची कॉर्ट ही कंपनी दुसऱ्या नामवंत नावांसाठीही गिटारी बनवत आली आहे. तिच्या स्वतःच्या नावाच्या गिटारीत त्याच दर्जाचं काम कमी पैशांत मिळतं. फेंडरची सीडी 60 एस हीसुद्धा सॉलिड झाकणाची, आणि तिच्या दांडीच्या कडा गोलसर घासलेल्या असल्यानं हाताला बरी वाटते. लॅमिनेटच्या गिटारी साधारण दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे, सॉलिड झाकणाच्या पंधरा हजारांपासून वर, असा अंदाज धरून चालावं.

गिव्हसनसारखी कोलकात्याची जुनी नावं आपल्याकडे कित्येक घरांत आहेत, अनेकांची सुरुवात त्यांच्यावर झाली. ती घेऊच नयेत असं नाही. पण तिथे प्रत्येक तुकडा पट्टी लावून पाहावा, आणि घरपोच मागवू नये. तीन हजारांच्या गिटारीवर दीड हजारांचा सेटअप करावा लागला तर तो स्वस्ताईचा हिशेब पुन्हा मांडावा.

युकुलेलेत अमेरिकेची काला ही भरवशाची. तिची महोगनी लॅमिनेटची केए-15 ही मालिका नवशिक्यांसाठीच आहे. कॉन्सर्ट हवी तर नावात ‘सी’, सोप्रानोला ‘एस’. स्लोव्हेनियाच्या फ्लाइटची पाठ प्लास्टिकची असलेली प्रवासी युकुलेले पावसाळी हवेत निर्धास्त. भारतीय नावांत केडन्सच्या युकुलेले कमी दरात मिळतात. दीड हजारांच्या आतल्या रंगीबेरंगी युकुलेलेंपासून मात्र लांब राहावं. त्यांच्या खुंट्यांना दातेरी चाकं नसतील तर सूर टिकत नाही, आणि पडदे चुकीच्या अंतरावर बसलेले असतील तर कुठलाही सेटअप ते दुरुस्त करू शकत नाही. ताईला पहिल्या दुकानात अशीच एक आवडली होती, आकाशी रंगाची. पण तिसऱ्या घरात ट्यूनरचा काटा पंचवीस भाग चढला. “रंग छान आहे गं,” मी म्हटलं. “हो, पण गाणार रंग नाहीये,” असं म्हणून तिनंच ती खाली ठेवली. मग तपकिरी कॉन्सर्ट घेतली.

तारा आणि पहिला महिना

नवीन गिटारीवर बहुधा 12 क्रमांकाचा संच असतो. आकडा पहिल्या तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतो. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 12 ऐवजी 10 ची पहिली तार लावली की तिचा ताण तीस टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा बारीक होतो, पण नवशिक्याच्या बोटांसाठी हा सौदा चांगला. दाजींच्या गिटारीला दुकानातच 11 चा संच लावला. संच बदलताना दांडीवरचा ताण बदलतो, म्हणून कार्डाची तपासणी आठवड्यानं पुन्हा करावी.

बोटं फारच दुखत असतील तर आणखी एक उपाय आहे. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवायच्या, म्हणजे पांढरी तीनची पांढरी दोन. ताण वीस टक्क्यांनी कमी होतो. मग दुसऱ्या घरात कॅपो, म्हणजे सहाही तारा दाबून धरणारी चाप, लावायची. सूर मूळ जागी परत येतात, घरं थोडी लहान होतात आणि नट उंच असला तरी कॅपोमुळे तो खेळातून बाहेर जातो. कॅपो लावताच वाजवणं एकदम सोपं झालं, तर समजावं की दोष नटचाच होता.

युकुलेलेच्या तारांबद्दल ताईचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. “अरे, लावून ठेवली की तासात उतरते. बदलून आणायची का?” नव्या नायलॉन जातीच्या तारा पहिला आठवडाभर ताणत राहतात, वाद्य बिघडलेलं नसतं. दिवसातून चार वेळा सुरात लावायची, एवढंच. आठव्या दिवशी त्या बसतात. स्वस्त युकुलेलेवरच्या साध्या तारा बदलून इटलीच्या ॲक्विला कंपनीच्या पांढऱ्या तारा लावल्या तर आवाजातला फरक कुणालाही कळतो. खर्च काही शे रुपयांचा.

स्टीलच्या तारांना घाम आणि खारी हवा खाते. काळ्या पडल्या, बोट फिरवताना खरखरीत लागल्या की बदलायच्या. किनारपट्टीवर दोन-तीन महिन्यांत, घाटावर त्याहून थोड्या उशिरा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा वरून आणि खालून पुसल्या तर त्यांचं आयुष्य वाढतं.

चार महिने झाले. दाजींचा एफ सहाही तारांनी वाजतो. भाच्याची जुनी गिटार मी त्याच कारागिराकडे नेली होती. सॅडल तळापर्यंत घासलं तरी माप साडेतीनच्या खाली येईना, दांडीचा कोनच गेला होता. ती आता ताईच्या बैठकीत भिंतीवर शोभेला टांगली आहे. तुमच्या घरी अशी एखादी असेल आणि कुणी तिच्यावर शिकायचा प्रयत्न करत असेल, तर त्याला सराव वाढवायला सांगण्याआधी बाराव्या पडद्यावर पट्टी धरा.